कपाटातली सीडी

लताबाईंना तेजलची एकच काळजी कधी सोडत नसे. ती आजारी पडेल, जीपमधून पडेल, वेळेवर जेवणार नाही, या काळज्या येत आणि जात. ही मात्र ठाण मांडून बसलेली होती: ही मुलगी कुणाकडे काही मागत नाही.

तिसरीत असताना शाळेचे नवे बूट तिला एक नंबर लहान आले होते. दीड महिना ती ते घालून नाशिकच्या उपनगर भागातल्या कॉलनीतून शाळेत चालत गेली. आंघोळीच्या वेळी आईला अंगठ्याचं काळं नख दिसलं, तेव्हा कळलं. "सांगायचं नाही का गं?" तर म्हणाली, "सांगितलं असतं तर पप्पांना परत दुकानात जावं लागलं असतं." लताबाई त्या रात्री रडल्या होत्या. ती मुलगी आता चोवीस वर्षांची होती, आणि नखं काळी व्हायचं काही थांबलं नव्हतं.

कॉलनीतल्या विहारात संध्याकाळी कॉम्प्युटरचा वर्ग चालायचा. तिथे ती आधी शिकली आणि मग शिकवायला लागली. बी.ए. झाल्यावर त्र्यंबकेश्वरच्या पुढे, डोंगरातल्या एका आरोग्य केंद्रात तिला डेटा एंट्रीचं काम मिळालं. अकरा महिन्यांची ऑर्डर. दर महिन्याच्या पाच तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत लसीकरणाचा अहवाल जिल्ह्याला पोहोचला पाहिजे. दोनदा उशीर झाला होता, दोन्ही वेळा फोनची लाईन बंद पडल्यामुळे. तिसऱ्यांदा झाला तर ऑर्डर पुढे वाढवायची शिफारस आपण करू शकणार नाही, असं डॉक्टर मॅडमनी सरळ सांगून टाकलं होतं. बाई वाईट नव्हत्या, पण त्यांनाही वर उत्तर द्यायचं होतं.

शेंगदाण्याची चटणी आणि एक गोधडी घेऊन लताबाई चार दिवस लेकीकडे राहायला आल्या, त्या नेमक्या तीन तारखेला. त्याच दिवशी तेजलने कॉम्प्युटर फॉरमॅट केला होता.

करण्यावाचून इलाज नव्हता. व्हायरसने मशीन इतकं जड झालं होतं की एक फाईल उघडेपर्यंत चहा होऊन जायचा. कंपनीचा माणूस पंधरा दिवसांनी येतो म्हणाला. तेजलने सगळी माहिती डी ड्राइव्हवर ठेवली, विहारातल्या वर्गातून आणलेली एक्सपीची सीडी घातली, सी ड्राइव्ह पुसून नव्याने विंडोज टाकलं. माहिती शाबूत राहिली. पण स्क्रीनवरची अक्षरं भोपळ्याएवढी झाली, आवाज गेला आणि इंटरनेटही गेलं.

"आवाज गेला तर गेला," ती म्हणाली. "नेट पाहिजे."

लताबाईंनी मॉडेमकडे बोट दाखवलं. "दिवे तर हिरवे आहेत."

"नेट मॉडेमपर्यंत आलंय, आई. मशीनच्या आत जे कार्ड आहे ना, केबल जिथे जाते ते, त्याची विंडोजला ओळखच नाही. ओळख करून देणारा प्रोग्राम वेगळा टाकावा लागतो. ड्रायव्हर."

"मग टाक की."

"तो नेटवर आहे."

लताबाई शाळेत क्लार्क होत्या, तीस वर्षं काढली होती. असली गाठ त्यांच्या ओळखीची होती. दाखला काढायला रेशनकार्ड लागतं आणि रेशनकार्ड काढायला दाखला. त्या दुसरी वाट शोधायला लागल्या.

"मॉडेमला दुसरी वायर पण आहे ना, ती लावून बघ."

"यूएसबीची. तिलाही तिचा ड्रायव्हर लागतो."

"मग हे मशीनच नाशिकला नेऊ. जीपमध्ये मावेल."

"डेडस्टॉक रजिस्टरला नोंद आहे. ऑफिसबाहेर न्यायला परवानगी लागते, ती तालुक्याहून येते."

"आणि अहवाल सायबर कॅफेतून पाठवला तर?"

"सॉफ्टवेअर ह्याच मशीनवर चालतं. दुसरीकडून पासवर्ड घेत नाही." आवाज शांत होता, पण ती माऊस असा धरून बसली होती, जसा कुणी हातातून काढून घेणार आहे.

दुसऱ्या दिवशी, चार तारखेला, ती जीपने त्र्यंबकला गेली. सव्वा तास जायला, सव्वा तास यायला. मशीनवर कार्डाच्या कंपनीचं नाव तेवढं वाचून गेली होती. त्या कंपनीचं सगळीकडे चालतं ते कार्ड धरून तिने ड्रायव्हर उतरवला, पेन ड्राइव्हवर घेतला आणि दुपारी आली. विंडोजला तो फोल्डर दाखवला. विंडोजने बराच वेळ शोधल्यासारखं केलं आणि सांगितलं की ह्या हार्डवेअरसाठी इथे काही सापडलं नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं प्रश्नचिन्ह होतं तसंच.

तेव्हा तिने, जे आधी करायला हवं होतं ते केलं. त्या प्रश्नचिन्हावर दोनदा क्लिक करून तपशिलाचं पान उघडलं. तिथे एक लांबलचक ओळ होती. त्यातला कंपनीचा नंबर 10EC आणि कार्डाचा नंबर 8168, एवढं तिने वहीत उतरवून घेतलं.

"आज आणलास तो कुठला होता?" लताबाईंनी विचारलं.

"8139 चा. कंपनी एकच, कार्ड जुनं."

"म्हणजे आडनावावरून घर शोधलंस."

तेजलने पहिल्यांदाच आईकडे पाहिलं. हसली मात्र नाही.

पाच तारखेला सकाळच्या पहिल्या जीपने ती वही घेऊन परत गेली. त्र्यंबकला लाईट नव्हती. लोडशेडिंग असतं तर वेळ ठरलेली असते. इथे कुठेतरी तार तुटली होती आणि चारच्या आत येणार नाही असं बोर्डाचा माणूस सांगत होता. सायबरवाल्याचा इन्व्हर्टर तिच्यासमोर शेवटचं टूंटूं करून बंद पडला. दहा वाजेपर्यंत ती पायरीवर बसली आणि परत आली. लसीकरणाचा दिवस होता, तिला बारा वाजता नोंदणीच्या खिडकीवर बसायचं होतं.

लताबाई केंद्राच्या ओट्यावर मेथी निवडत होत्या. शेजारी कुसाबाई बसली होती. ती केंद्रातली जुनी परिचर, डोंगरातल्याच एका पाड्यावरची. तेजल सरळ आत गेली, तशी कुसाबाई म्हणाली, "ताई लय हट्टी."

"हट्टी नाही हो. तिला जमतं म्हणून ती करते."

"जमलं कुठं? तिकडं कपाटात सीडी पडली हाय, आन् ही दोन दिस जीप हाणतीय."

लताबाईंचा हात थांबला. "कसली सीडी?"

मग कुसाबाईने सगळं सांगितलं. कॉम्प्युटर आला तेव्हा खोक्यात सीडी होती, पुस्तक होतं, दोन वायरी होत्या. स्टोअर सांभाळणारे चिमाजी देवरे भाऊसाहेब. त्यांनी एकेक वस्तू रजिस्टरला चढवली आणि लोखंडी कपाटात कुलूपबंद केली. सरकारी वस्तू, हरवली तर पगारातून कापतात. दोन महिन्यांपूर्वी त्यांची बदली झाली. नवा माणूस अजून आला नव्हता, म्हणून चार्ज कुणाला दिलाच नाही. कपाटावर सहीची कागदी पट्टी चिकटवून, चावी घेऊन ते गेले. "चावी मनाजोडे शे, कुनी हात लावू नका," चावी माझ्याकडेच आहे, असं सटाण्याच्या बोलीत सगळ्यांना बजावून गेले. पट्टी फाडायची तर पंचनामा लागतो. डॉक्टर मॅडम फाडणार नाहीत.

"आता कुठे असतात ते?"

"त्र्यंबकलाच. स्टँडच्या पुढल्या हापिसात. ताईला ठावं हाय."

लताबाई उठून आत गेल्या. तेजल खिडकीवर कार्डं लिहीत होती. बायका रांगेत, पोरं कडेवर रडत. त्या तिच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तेजू, दोन दिवस तू देवऱ्यांच्या फाटकावरून गेलीस."

पेन थांबलं नाही. "हो."

"आत का गेली नाहीस?"

"सांगितलं ना कुसाबाईने सगळं? मग तेही सांगितलं असेल."

ते सांगितलं नव्हतं. ते तेजलने सांगितलं, कार्डं लिहिता लिहिता, एखाद्या दुसऱ्याच माणसाची गोष्ट सांगावी तसं. रुजू झाली तेव्हा देवऱ्यांनी तिला कॉम्प्युटरच्या सामानाच्या यादीवर सही करायला सांगितलं. यादीत यूपीएस दोन होते, खोलीत एक. तिने सहीच्या वर लिहिलं: नग एक आढळला. देवरे म्हणाले, पोरी, बावीस वर्षं झाली मला, सही कर, दुसरा येईल. तिने केली नाही. पुढे चौकशी झाली. बदली त्यानंतरची. बदली व्हायचीच होती, पण देवऱ्यांच्या मनात ती तिच्यामुळे झाली. जाताना दारात थांबून म्हणाले होते, "एक दिवस तुला माझी गरज लागेल, तेव्हा फोन करशील." तेजल म्हणाली होती, "नाही करणार."

"मी खोटं लिहिलं नव्हतं," ती म्हणाली.

"मी कुठे म्हणते तू खोटं लिहिलंस."

"मग मी का जायचं हात पसरून?"

लताबाईंच्या तोंडाशी बरंच काही आलं. नोकरी जाईल हे आलं, बूट आले, काळं नख आलं. त्यांनी ते गिळलं. भिंतीवरच्या घड्याळात सव्वा वाजला होता. नवनाथची जीप त्र्यंबकहून दोनला सुटते. कुणी चावी आणि पट्टी काढायला हरकत नसल्याची दोन ओळींची चिठ्ठी त्याच्याकडे दिली, तर सव्वातीनला इथे. इथे लाईट होती. पट्टी काढायची, सीडी घालायची. कार्डाची ओळख दहा मिनिटांत, अहवाल अर्ध्या तासात. बसत होतं, जेमतेम.

आणि तेजलला आवडणार नव्हतं. कदाचित कित्येक दिवस बोलणारही नव्हती. लताबाईंनी हेही मनात धरून पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण चोवीस वर्षं हिच्या न मागण्याचं कौतुक करत आलोय, पाहुण्यांसमोरसुद्धा. बूट तिचे होते, पण घट्ट आपणही आवळले.

डॉक्टर मॅडमच्या टेबलावर केंद्राचा फोन होता. त्याच तारेवर मॉडेम होता, तीच तार दोन दिवस नेट दारापर्यंत आणून परत जात होती. बोलणं मात्र तिच्यातून जाऊ शकत होतं. मॅडम आत टोचायच्या खोलीत होत्या; फोन करू का, लताबाईंनी दारातून विचारलं. "करा," त्यांनी तिथूनच मान हलवली.

काय बोलायचं ते लताबाईंनी ठरवलं. माफी मागायची नाही. यूपीएस एकच होता. एवढंच म्हणायचं, भाऊसाहेब, मी तेजलची आई, एक सीडी हवी आहे, तुम्ही नीट जपून ठेवली आहे म्हणून ती अजून आहे.

त्यांनी रिसीव्हर उचलला आणि कुसाबाईला नंबर विचारला. कुसाबाई भिंतीवरचा ऑफिसचा नंबर वाचायला लागली.

खिडकीपाशी रांगेतली एक बाई पुढे सरकली. तेजलने तिचं कार्ड घेतलं, पण लिहिलं नाही.

"ऑफिसचा नको," मागे न बघता ती म्हणाली. "एक वाजता ते जेवायला घरी जातात. मोबाइल लाव. माझ्या वहीत आहे, शेवटच्या पानावर."

लताबाईंनी वही उघडली. 10EC, 8168 लिहिलेल्या पानाच्या मागे, एका कोपऱ्यात, नाव न लिहिता एक नंबर होता. त्यावर दोनदा रेघ मारलेली होती आणि दोनदा पुन्हा लिहिलेला होता.

त्या नंबर फिरवायला लागल्या.