उषाताईंची पेटी आणि सुधाकररावांची उलट नोटीस

सुधाकर बेडेकर रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झाले, पण खात्याने त्यांना पूर्ण सोडलं नाही. कोलकात्यात गार्डन रीचच्या फ्लॅटमध्ये दुधाची पिशवी गळकी निघाली तरी ते डेअरीला पत्र पाठवत, त्यावर जावक क्रमांक टाकत आणि प्रत फाइलला लावत. भांडण तोंडी करायचं नाही, लेखी करायचं, हा त्यांचा बाणा. बायको उषा म्हणायची, "यांच्याशी लग्न झालं तेव्हा अक्षतांची पोच मागितली नाही, एवढंच नशीब."

कोलकात्यातल्या मराठी मंडळाचे कार्यक्रम ते स्वतःच्या कॅमेऱ्यावर टिपत आणि मंडळाच्या व्हिडिओ चॅनेलवर चढवत. गेली नऊ वर्षं हे चाललं होतं. बदली होऊन गेलेली माणसं नागपूर, कोची, भोपाळहून ते बघत आणि खाली दोन ओळी लिहीत. त्या ओळी सुधाकरराव दुपारच्या चहाबरोबर मोठ्याने वाचून दाखवत. चॅनेलवर एकदा चढलं की काम झालं, या भरवशावर कॅमेऱ्याचं कार्ड पुसून पुढच्या कार्यक्रमाला वापरत. दुसरं कार्ड विकत घेणं म्हणजे उधळपट्टी.

तीन वर्षांपूर्वीच्या गणेशोत्सवातला एक व्हिडिओ होता. मंडळाच्या बायकांचं भजन, मधोमध मीनाक्षीताई काळसेकर, आणि त्यांनी गायलेला एक जुना अभंग. त्यानंतर वर्षभरात मीनाक्षीताईंना विस्मरण जडलं आणि मुलगा श्रीकांत त्यांना पुण्याला घेऊन गेला. आता त्या मुलाचंही नाव विसरत. पण संध्याकाळी हा व्हिडिओ लावला की शांत बसत. श्रीकांतचा एका रविवारी फोन आला. "काका, आईच्या गाण्याचा आवाज येत नाहीये. आमच्याकडेच काही बिघडलंय का?"

बिघाड त्यांच्याकडे नव्हता. एका संगीत कंपनीने त्या व्हिडिओवर हक्क सांगितला होता. साइटच्या यंत्रणेला त्यातलं संगीत कंपनीच्या रेकॉर्डिंगशी जुळतंय असं आढळलं आणि आवाज बंद झाला. सुधाकरराव पेटलेच. "संतांचे शब्द, आमच्या बायका गाताहेत, पेटी आमची उषा वाजवतेय, आणि ही कोण कंपनी मध्येच?"

त्यांनी साइटवर हरकत नोंदवली. संगीत आमचं स्वतःचं आहे, असं ठणकावून लिहिलं. उत्तराला कंपनीला तीस दिवस होते. सव्विसाव्या दिवशी नकार आला.

मुलगी मुग्धा न्यू टाउनच्या एका आयटी कंपनीत होती. तिने सगळं वाचून पाहिलं. "बाबा, इथेच थांबा. नुसता हक्क सांगितलाय तोवर चॅनेलला धोका नाही, आवाज गेलाय एवढंच. आता अपील केलंत आणि ते अडून बसले, तर व्हिडिओच काढायला लावतील. चॅनेलवर इशारा लागेल. असे तीन इशारे झाले की चॅनेल बंद."

"खरं असताना माघार घ्यायची?"

"संगीत आपलंच आहे ना, नक्की?"

"मी स्वतः कॅमेऱ्यामागे उभा होतो!"

अपील गेलं. आठवड्याच्या आत कंपनीने व्हिडिओ काढायला लावला. त्या जागी काळी चौकट आली, चॅनेलवर पहिला इशारा लागला. काढलेला व्हिडिओ आता उतरवूनही घेता येईना, आणि मूळ कार्डावर तर यंदाच्या हळदीकुंकवाची धामधूम होती.

तरी सुधाकरराव खचले नाहीत. उलट, खरी लढाई आता, म्हणून त्यांनी नवी फाइल उघडली. मुग्धाने दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, येऊन उलट नोटीस समजावली. पूर्ण नाव, पत्ता, फोन द्यायचा, आणि हे सगळं कंपनीच्या हाती जाणार. व्हिडिओ चुकून काढला गेला अशी माझी प्रामाणिक खात्री आहे, असं शपथेवर लिहायचं. कोर्टाचा अधिकार मान्य करायचा. मग कंपनीने कामाच्या दहा दिवसांत कोर्टात गेल्याचा पुरावा दिला नाही, तर व्हिडिओ परत येतो आणि इशाराही निघतो.

"म्हणजे जिंकलोच," सुधाकरराव म्हणाले.

"पण बाबा, ही साधी तक्रार नाही. खोटं निघालं तर अंगाशी येईल."

"खोटं कशाला निघेल? उषा, इकडे ये गं! वाद्यं कोण कोण वाजवत होतं सांग, नावानिशी लिहितो."

उषाताई हात पुसत दारात आल्या. त्यांनी आधी मुलीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"अहो, नका लिहू."

"का?"

"तबलेवाले घोषालबाबू त्या दिवशी आले नव्हते. तापाने पडले होते. तबला नाही, आणि मला त्या पट्टीत वाजवता येईना. मग मंडळातल्या भाग्यश्रीने फोनवर साथीचा ट्रॅक लावला, स्पीकरला जोडून. गाणं काढून टाकलेलं, नुसती वाद्यं असलेला. त्या कंपनीच्याच कॅसेटचा."

"पण तू पेटी वाजवत होतीस! मी बघितलंय!"

"नुसता भाता हलवत होते. स्टेजवर पेटी नसली तर भजन कसलं, म्हणून बसवलं मला सगळ्यांनी. घोषालबाबू एरवीही बायकांच्या मागे झाकलेले, त्यामुळे तुम्हाला कळलं नाही, आणि सांगायचं राहून गेलं. मग तुम्ही कागद लिहायला लागलात, आणि रोज इतक्या उत्साहाने वाचून दाखवत होतात, मला धीरच होईना."

सुधाकररावांनी फाइल पुढे ओढली. आयुष्यभर हा माणूस लेखी खोटं बोलला नव्हता. आता दोनदा बोलून बसला होता, हरकतीत एकदा आणि अपिलात एकदा, दोन्हींच्या प्रती फाइलला लावून. संगीत जुळलं ते खरोखरच जुळलं होतं. बायकोला एका शब्दाने विचारलं असतं तर कळलं असतं. पण पेटी डोळ्यांनी दिसत होती, मग विचारायचं कशाला! त्यांना उषाचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

मुग्धा हळूच म्हणाली, "नोटीस पाठवायची नाही, बाबा. कंपनीला खरं लिहून विनंती करता येईल. त्यांनी तक्रार मागे घेतली तर व्हिडिओ येईल. घेतीलच असं नाही."

त्यांनी अर्धवट भरलेला फॉर्म बंद केला आणि श्रीकांतला फोन लावला. आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं: ट्रॅक, पेटी, स्वतःचा हेका. चूक आमचीच, म्हणाले. तुझ्या आईचा आवाज परत आणायला निघालो होतो रे.

श्रीकांत रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"काका, आवाज गेला तेव्हा मला वाटलं होतं, आता आई बघणार नाही," तो म्हणाला. "पण ती बघत होती. स्वतःला त्या पडद्यावर बघायची आणि बरोबर ओठ हलवायची. परवा तर चक्क गायली. अख्खा अभंग, एकही शब्द न चुकता. मी तुम्हाला कळवणारच होतो, म्हणजे तुम्ही पुढे काही करू नये म्हणून. पण काल संध्याकाळी लावायला गेलो, तर व्हिडिओच नव्हता."