पानांप्रमाणे वाटणी

माजलगावकडे एक साखर कारखाना आहे आणि त्याच्याच आवारात त्याच मालकांची डिस्टिलरी. कागदावर दोन कंपन्या, फाटक एकच. सामाईक खर्च आधी कारखाना करतो आणि डिस्टिलरीला तिच्या वाट्याचं बिल लावतो. हैदराबादच्या ऑडिटरला मराठी येत नव्हतं, म्हणून या बिलांच्या तपशिलाचं इंग्रजी करायचं काम पुण्याच्या हेड ऑफिसने माजलगावातच राहणाऱ्या मला दिलं. भाषांतर मुळाबरहुकूम असल्याची सही माझी, आणि मूळ बिलांच्या प्रतींसह ते पुण्याला व ऑडिटरला एकदमच पाठवायचं ठरलेलं.

एका बिलावर होतं: ‘बॉयलर अग्निप्रदीपन, जेवण खर्च, पानांप्रमाणे वाटणी.’ हंगामाच्या तोंडावर बॉयलर पेटवताना पूजा होते, पंगत बसते. कारखान्याची माणसं एका रांगेत, डिस्टिलरीची दुसऱ्या. पानं मोजायची, खर्च त्या हिशेबाने वाटायचा. मी आधी मसुदा पुण्याला दाखवला.

फायनान्स मॅनेजर फोनवर भडकले. “मॅडम, हे किती गावठी दिसतं! ‘तांत्रिक साहाय्य सेवा’ लिहा.”

हे गृहस्थ त्याच पंगतीत मांडी घालून बसले होते. बुंदी मागून मागून घेतली होती. त्या बुंदीत त्यांना कोणतं तंत्र सापडलं, देव जाणे. मी नाही म्हटलं.

तेव्हा त्यांनी कारखान्याच्या अकाउंटंटला मूळ बिलच बदलायला फर्मावलं. तो घाटनांदूरचा भला माणूस दुपारी माझ्या दारात उभा राहिला. चेहरा पार उतरलेला.

“म्याडम, बिलावर सही माझी हाय. उद्या कुनी इचारलं, कोन इंजिनेर गेलता, तर म्या कुनाचं नाव सांगू?”

“मग बदलू नका.”

“नोकरी जाईल की. पोरीचं कॉलेज हाय.”

माझं डोकं सणकलं. थाप पुण्याची आणि मान याची! मी त्याला चहा दिला आणि तो संपायच्या आत सही केलेलं भाषांतर, बिलाच्या प्रतीसकट, पुण्याला आणि ऑडिटरला पाठवून दिलं. आता बिल बदलायची सोयच उरली नाही.

ऑडिटरने प्रत्येक खर्चाला दोनच गोष्टी विचारल्या: कुणाला काय मिळालं, आणि वाटणी कशावर केली? जेवणाचं बिल बिनबोभाट पास झालं. अडकलं ते हेड ऑफिसचंच, ‘व्यवस्थापन सल्ला, ठोक रक्कम’, दोन्ही कंपन्यांना निम्मं निम्मं. मॅनेजरांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं.

त्यांचा फोन आला. आवाज एकदम साखरेत घोळलेला. “मॅडम, वाटणीचा आधार म्हणून इंग्रजीत काहीतरी चांगलं सुचवा ना.”

“सुचवते की,” मी म्हटलं. “सल्ला घ्यायला कोण कोण बसलं होतं? पानं मोजली होती का?”

त्यानंतर मला तिथलं काम मिळालं नाही. अकाउंटंट अजून तिथेच आहे. यंदाच्या पंगतीतली बुंदी त्याने मला घरी आणून दिली.