मान प्लास्टरमध्येच कापावी

फाउंड्रीची गाडी दुपारी येणार होती आणि सकाळपासून मी शेडमध्ये नुसत्या येरझाऱ्या घालत होते. धुळ्याच्या हायवेलगतची ही शेड पूर्वी ट्रकचं गॅरेज होती. गाडीखाली उतरून काम करायचा मिस्त्रींचा लांबट खड्डा अजून मध्यभागी आहे. त्या खड्ड्याच्या टोकाशी अक्का उभ्या होत्या, पांढऱ्या प्लास्टरच्या, साडेसात फुटी. साक्रीकडच्या एका गावात त्यांनी जन्मभर शाळेत शिकवलं. त्या गेल्यावर गावाने ठरवलं, चौकात अक्कांचा ब्राँझचा पुतळा बसवायचा.

नेमकी त्याच दिवशी आर्ट कॉलेजची मुलं काम बघायला आली. एकीने विचारलं, "मॅडम, माती होती ना? मग मध्ये प्लास्टर कशाला?"

मी चिडलेच होते, तरी सांगितलं. "आधी हातभर उंचीचं मॉडेल. उभं कसं राहायचं, भार कोणत्या पायावर, पदर कुठून येणार, हे तिथे ठरतं. दहा वेळा मोडलं तरी संध्याकाळपर्यंत नवं होतं. मग त्याची मापं वाढवून लोखंडी सांगाड्यावर मोठी माती. पण माती वाळली की तडकते, ओली ठेवली तर आज ना उद्या ढासळते. म्हणून तिच्यावरून साचा घ्यायचा आणि त्या साच्यात प्लास्टर भरायचं. प्लास्टर कापता येतं, घासता येतं, भर घालता येते. फाउंड्री त्याच्यावरून मेणाची प्रत काढणार आणि मेणाच्या जागी धातू ओतणार. धातूत गेलेली चूक म्हणजे दगडावरची रेघ."

"मग आता सगळं बरोबर आहे?"

याच प्रश्नाने मला सकाळपासून पोखरलं होतं. मी म्हटलं, "खड्ड्यात उतरा आणि वर बघा."

खड्ड्यात उभं राहिलं की डोळे जमिनीबरोबर येतात. चबुतऱ्यावरचा पुतळा गावाला जसा दिसणार, तसाच तो तिथून दिसतो. मुलं उतरली. मग एक हळूच म्हणाला, "बाई रागीट होत्या का?"

झालं! खालून नुसती हनुवटी दिसत होती, कपाळ मागे पळालेलं, डोळे पार आमच्या डोक्यावरून कुठेतरी. आयुष्यभर पोरांपुढे वाकून त्यांची पाटी बघणारी बाई, आणि मी तिची मामलेदारीण करून ठेवली होती. छोटं मॉडेल गावच्या समितीने टेबलावर, चहाच्या कपांमध्ये ठेवून वरून पाहिलं होतं. वरून अक्का अगदी अक्काच दिसत होत्या. त्यांचे यजमान, ज्यांना सगळे आबा म्हणतात, ते तर मॉडेलला हात लावून म्हणाले होते, "हाई तीच शे."

मान कापून चेहरा खाली झुकवायला हवा होता, म्हणून गाडी थांबवायला समितीला फोन केला. "मॅडम, बठ्ठासले आवडेल शे, आते कसाले हात लावतस?" पलीकडून उत्तर आलं. सगळ्यांना पसंत असलेल्या कामाला आता हात लावू नये, असं त्यांचं म्हणणं. मी फोन ठेवला आणि करवत घेतली. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? पण धातूची मान कोण वाकवणार?

मुलांनी डोकं धरलं, मी मानेवरून करवत चालवली. प्लास्टर, आतला काथ्या, मग सळई. डोकं सुटलं तसं आम्ही ते पोत्यावर ठेवलं. घाम पुसत मी मागे वळले, तर दारात आबा.

अक्कांना निरोप द्यायला ते फाउंड्रीच्या गाडीतूनच आले होते. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ते पोत्यावरच्या त्या चेहऱ्यापाशी आले. म्हणाले, "हाई काय करं, ताई?"

मी म्हटलं, "आबा, या खड्ड्यात उतरता का? त्या तुम्हाला बघत नव्हत्या, म्हणून कापलं."

मुलांनी हाताला धरून त्यांना उतरवलं. मी शिडीच्या घोडीवर चढले. डोकं मानेवर ठेवून मागच्या बाजूने लाकडी पाचर सरकवली, म्हणजे चेहरा पुढे झुकेल. कापलेल्या कडा पाण्याने भिजवल्या, कारण कोरडं प्लास्टर ओल्यातलं पाणी शोषून घेतं आणि सांधा धरत नाही. प्लास्टरमध्ये बुडवलेला काथ्या हातात तयार होता. ते घट्ट व्हायला दोन-चारच मिनिटं लागतात, आणि खालून आबा काही बोलतच नव्हते.

"आबा, सांगा ना!" मी ओरडलेच.

"आखो जराशी."

मी पाचर ठोकली.

"आखो."

पुन्हा ठोकली. काथ्या हातात घट्ट व्हायला लागला होता.

"बस," आबा म्हणाले. "आते माले देखस ती."

मी घाईघाईने सांधा भरला, बोटांनी दाबून धरला, आणि विचारलं, डावीकडे कलली तर नाही ना? मी खाली पाहिलं. आबांनी टोपी काढून हातात घेतली होती आणि मान खाली घातली होती. "आबा, वर बघा," मी म्हटलं. त्यांनी नुसतं डोकं हलवलं. त्यांना वर बघवत नव्हतं.