व्हय आणि पसंत

लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी सांगलीत आणि हे नदीकाठच्या कुठल्या ना कुठल्या गावात, असा आमचा संसार होता. शेतकऱ्यांच्या विहिरीवर किंवा नदीवर तेलाचं इंजिन बसवून द्यायचं, नळ टाकायचे, पाणी वर चढवून द्यायचं, हे यांचं काम. इंजिन शेतकऱ्याचं, नळ शेतकऱ्याचे. आमची फक्त मेहनत आणि डोकं. यांच्या हाताखाली दोन फिटर होते. कचेरी म्हणजे आमच्या माडीवरची पुढची खोली, आणि कचेरीतला कारकून म्हणजे मी. अक्षर बरं होतं आणि याद्या करण्याची खोड माहेराहूनच आलेली, त्यामुळे ते काम आपोआप माझ्याकडे आलं.

यांची पद्धत ठरलेली होती. प्रत्येक कामाचे तीन टप्पे करायचे आणि मजुरीही तिथेच तीन भागांत लिहून ठेवायची. पहिला टप्पा पाहणी आणि नकाशा, दुसरा पाया आणि नळ, तिसरा चाचणी. टप्पा पुरा झाला की मालकानं तो स्वतः येऊन बघायचा आणि चिठ्ठीवर 'पसंत' लिहून सही करायची. ती चिठ्ठी सांगलीला आली की मग मी त्या टप्प्याचं बिल करायचं, त्याआधी नाही. एकदा मी विचारलं होतं, आधीच बिल पाठवून ठेवलं तर काय बिघडतं? हे म्हणाले, "काम बघायच्या आधी बिल हातात पडलं की माणूस काम बघतच नाही, बिलच बघत बसतो."

मला ती पद्धत वेगळ्याच कारणासाठी पाठ झाली होती. शेवटच्या टप्प्याची चिठ्ठी आली की हे घरी येणार. टपालवाला कोपऱ्यावर दिसला की मी हातातलं काम टाकून जिन्यात येत असे.

लढाईचे दिवस होते, तेल परमिटावरच मिळे. त्या हिवाळ्यात हे उंब्रजला होते. फौजेतून निवृत्त झालेल्या एका सुभेदारांनी कृष्णेकाठच्या उसासाठी एक जुनं इंजिन घेतलं होतं. पाणी नदीतून उचलून टेकावरच्या हौदात टाकायचं होतं. चाचणीची अट करारात लिहिलेली होती: इंजिन सकाळी सुरू करायचं, दुपारपर्यंत न थांबता चाललं पाहिजे आणि तेवढ्यात हौद काठोकाठ भरला पाहिजे.

पहिल्या दोन टप्प्यांच्या चिठ्ठ्या वेळेवर आल्या होत्या. सुभेदार मोडीत लिहीत. त्यांचं 'पसंत' एका फटक्यात ओढलेलं, तलवारीसारखं. दोन्ही बिलं मी त्याच दिवशी केली. आता तिसरा टप्पा राहिला होता. त्यानंतर पौर्णिमेला हे वडूजला नवं काम सुरू करणार होते. उंब्रज आणि वडूज यांच्यामध्ये एक आठवडा मोकळा पडत होता, आणि तो आठवडा माझा होता. मी त्याची यादीही केली होती. माळ्यावरचा पत्रा ठोकणे. सासूबाईंचा चष्मा. गव्हाला ऊन देणे. यांच्या कोटाचं अस्तर. सर्वांत खाली, सासूबाईंच्या नजरेस पडू नये म्हणून बारीक अक्षरात, 'हरिपूर' एवढंच लिहिलं होतं. दोघांनीच संध्याकाळी झाडांच्या सावलीतून चालत हरिपूरला जायचं, संगमावर बसायचं आणि परत यायचं. लग्न झाल्यापासून ते राहूनच गेलं होतं.

मग यांचं कार्ड आलं. "काल इंजिन चालू केलं. पाणी हौदात पडलं. सुभेदारांना विचारलं, झालं का मनासारखं? ते व्हय म्हणाले. चिठ्ठी मागाहून घेतो. तू बिल टाक. मी येतोच."

शेवटचे दोन शब्द मी किती वेळा वाचले सांगता येत नाही. त्याच दुपारी बिल करून टाकलं आणि पत्रा ठोकण्यासाठी खिळे आणून ठेवले.

हे आले नाहीत. आले ते सुभेदार.

गुळाच्या व्यवहारासाठी ते सांगलीच्या पेठेत आले होते, तिथून पत्ता विचारत आमच्या घरी पोहोचले. उंच, पांढऱ्या मिशांचे, फेटा आणि खाकी कोट. सासूबाईंनी सतरंजी घातली, पाणी दिलं. त्यांनी खिशातून माझं बिल काढलं आणि गुडघ्यावर सरळ करून ठेवलं.

"हे कुनी लिवलं?"

"आमच्या सुनेनं," सासूबाई म्हणाल्या.

"अक्षर झ्याक हाय. पर बाई, मी काम पास कवा केलं?"

मी दाराआडून म्हणाले, "तुम्ही व्हय म्हणालात, असं यांनी कळवलं."

"व्हय म्हनालो की. व्हय म्हंजे आयकतोय. तुमचं मालक बोलत हुतं, मी व्हय व्हय करत हुतो. आमच्याकडं कुनी बोलाय लागलं आनि आपुन व्हय न्हाई म्हनलं, तर मानूस इचारतंय, झोपला का रं?"

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला.

"इंजिन घटकाभर चाललं आनि तेल सपलं," ते पुढे म्हणाले. "त्याच्या आदी नळात हवा धरत हुती, त्ये तुमच्या मालकानं नीट केलं, न्हाई म्हनत न्हाई. पानी बी पडलं. पर हौद भरला का? दुपार झाली का? फौजेत मुआयना, म्हंजे तपासनी, झाल्याबिगर साबनाची वडी बी मिळत न्हाई बाई."

"तेल कधी मिळेल?"

"परमिट कराडच्या कचेरीत पडलंय, तुमचं मालक रोज तितं खेटं घालतंय. सायेब सही कवा करील तवा."

त्यांचं म्हणणं करारातल्या शब्दाला शब्द धरून होतं. वाद घालायला जागाच नव्हती. मी बिलबुक घेऊन बाहेर आले, त्यांच्या हातातलं बिल आणि आमची स्थळप्रत अशा दोन्हींवर आडवी रेघ मारून 'रद्द' लिहिलं आणि दोन्ही प्रती बुकातच लावून ठेवल्या. नंबर तसाच राहू दिला. पुढचं बिल पुढच्या नंबरावर, पसंतीनंतरच्या तारखेचं. सुभेदार हे सगळं बारकाईनं बघत होते.

"नाराज झालासा?"

"नाही. चूक आमचीच."

"मग डोळं का असं?"

मी बिलबुक मिटलं. सासूबाईच म्हणाल्या, "पौर्णिमेला तिचा नवरा वडूजला जायचा. तेल उशिरा आलं तर उंब्रजहूनच परस्पर जाईल. पोरगी दिवस मोजतेय, दुसरं काय." मला वाटत होतं त्यांना काही दिसत नाही, चष्मा करायचा राहिलाय म्हणून.

सुभेदारांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "न बघता पसंत म्या लिवनार न्हाई. माझ्या मुलाला बी लिवनार न्हाई. पर तेल आलं की सांगावा धाडतो. बिलबुक घिऊन तुमीच या. हौद भरला तर तितंच लिवा, पैसं तितंच देतो."

सासूबाईंनी माझ्याकडे न बघता सांगितलं, "जाईल."

सांगावा आला तेव्हा पौर्णिमा तोंडावर आली होती. आठवडा सगळा तेलाच्या वाटेकडे डोळे लावण्यात गेला होता. मिरजेला गाडी बदलून मी कराडला उतरले आणि तिथून मोटारीनं उंब्रजला गेले. पेट्रोल मिळत नसल्यामुळे मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. मागे एक मोठी टाकी, आणि क्लीनर अधूनमधून उतरून तिच्यातला विस्तव ढोसायचा.

हे स्टँडवर उभे होते. उन्हानं काळे झालेले, हाताला तेल. सुभेदारांच्या घरची माणसं सोबत होती म्हणून आम्ही फक्त "प्रवास बरा झाला?" आणि "हो" एवढंच बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन सुरू झालं. मी सुभेदारीणबाईंबरोबर टेकावर हौदापाशी बसले होते, मांडीवर बिलबुक, मिटलेलं. खाली नदीकडे हे वाकून उभे दिसत होते. आवाज जरा बदलला की त्यांची मान वर व्हायची आणि माझीही. सुभेदार काठी घेऊन हौदाभोवती फेऱ्या मारत होते.

"पाणी चांगलं येतंय की," कुणीतरी म्हणालं.

"व्हय."

"इंजिन बी तालात हाय."

"व्हय."

सुभेदारीणबाई मला कोपरानं ढोसून म्हणाल्या, "माझ्याशी बी असंच. लुगडं आनतो का म्हनलं की व्हय. चार वर्सं व्हय."

सावली पायाखाली आली तेव्हा पाणी काठावरून सांडायला लागलं. सुभेदारांनी सांडलेल्या पाण्यात हात घातला, डोळ्यांना लावला आणि खाली नदीकडे तोंड करून ओरडले, "बंद करा आता. पसंत." मग चिठ्ठी मागून घेतली आणि तसंच एका फटक्यात लिहिलं. मी बुक उघडलं. माझं अक्षर त्या दिवशी काही झ्याक आलं नाही.

संध्याकाळी वडूजकडच्या माणसांचा निरोप आला की उद्याच पोहोचा. यादीतलं काहीच होणार नव्हतं. निघताना सुभेदारीणबाईंनी माझी ओटी भरली. सुभेदार यांना म्हणाले, "कराडपतुर तरी संगंच जा."

कराडहून हे वडूजची मोटार धरणार आणि मी रेल्वे. उंब्रज ते कराड तेवढं आमचं.

पुढे आम्ही हरिपूरला पुष्कळदा गेलो, मुलं घेऊन, पाहुणे घेऊन. दोघंच असे कधी गेलो नाही. आता हे नाहीत, आणि मी त्या रस्त्यानं एकटीनं जात नाही. पण कुणी सांगलीहून पुण्याला निघालं की उंब्रजच्या अलीकडचा तो रस्ता मला दिसतो.

त्या दिवशी मोटारीत दोघांना शेजारी जागा मिळाली. पाय ठेवायला जागा नव्हती, कुणाची तरी कोंबडी पाटीत ओरडत होती. सुभेदारांच्या 'व्हय'चा अर्थ मी यांना हळूच सांगितला. थोडं गेलो आणि चढावर गॅस कमी पडला. मोटार थांबली. क्लीनर उतरून विस्तव ढोसायला लागला. लोक कुरकुरायला लागले. एकजण ड्रायव्हरला म्हणाला, "आरं गड्या, आज पोचवनार हायेस न्हवं?"

हे हळूच माझ्या कानाशी म्हणाले, "हिला जरा वेळ लागेलसं दिसतंय."

मी म्हणाले, "व्हय."

"ऐकलंस, की पसंत?"

"पसंत," मी म्हणाले.