चार विड्यांची भेट

दूध संकलन केंद्रात मी कामाला लागले तेव्हा धाकटी पोर अजून बसायला शिकली नव्हती. केंद्र सोलापूरच्या पूर्वेला, विणकरांच्या वस्तीला लागून होतं. सकाळी टेंभुर्णी आणि माळशिरसकडच्या गाड्या यायच्या, दुधाचे कॅन उतरायचे. दूध आत गेलं की रिकामी भांडी आमच्याकडे. मोठे कॅन वाफेवर जायचे, ते पुरुष करायचे. झाकणं, मापं, दूध ढवळायच्या दांड्या, गाळण्या हे सगळं आम्हा सहा बायकांचं.

त्यातली एक अक्का. वयानं माझ्या आईएवढी. घरात तेलुगू, बाहेर तिची तिची मराठी. माझं नाव तिनं कधी घेतलं नाही, "अम्मा" म्हणायची, तेलुगूत लेकीलाही म्हणतात तसं, आणि मला ते आवडायचं. लहानपणापासून ती विड्या वळत आली होती. तंबाखूच्या धुळीनं छाती भरली म्हणून डॉक्टरनं विड्यांचं सूप सोडायला सांगितलं, तेव्हा ती इकडे आली. इथे तिचा खोकला निम्मा झाला होता. झोप लागते म्हणायची.

आम्ही सगळ्या रोजावर होतो. एक दिवस मुकादमानं सांगितलं, पुण्याहून स्वच्छतेचे साहेब येणार, प्रत्येकीची परीक्षा घेणार. पास होईल ती कायम, नापास होईल तिला पुढच्या महिन्यापासून काम नाही. त्यानं एक छापील कागद माझ्या हातात दिला. "तुला वाचता येतं म्हणं. शिकव यांना."

मला चौथीपर्यंत शाळा होती. वाचता येत होतं, पण चारचौघींत मोठ्यानं वाचायचं म्हटलं की आवाजच फुटायचा नाही. बाकीच्या चौघींना मुकादमाची बायको समजावून सांगायला तयार झाली. ती घाईघाईनं बोलायची, अक्काला ते कळेना. म्हणून अक्का माझ्या वाट्याला आली. दुपारी भाकरी खाऊन झाली की आम्ही दोघी नळाच्या कट्ट्यावर बसायचो. तिच्या एकटीसमोर माझा आवाज फुटायचा.

कागदात पाच पायऱ्या होत्या. आधी साध्या पाण्यानं विसळणं. मग धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात ब्रशनं घासणं, दहा लिटरला शंभर ग्रॅम सोडा. मग स्वच्छ पाण्यानं सोडा काढून टाकणं. मग जंतुनाशकाच्या टाकीत बुडवणं. शेवटी मांडणीवर उपडं घालून निथळू देणं.

"पयला गरम पानी का न्हाय?" अक्कानं विचारलं. "घरी तर दुदाच्या पातेल्याला मी आधी उकळतं पानी वतते."

"उकळत्या पाण्यानं दूध आत शिजून चिकटतं. मग त्याचा थर बसतो."

"म्हणून माजं पातेलं पिवळं!" ती स्वतःच्या कपाळावर हात मारून हसली. "तीस वर्सं नवरा म्हणतोय, तू आळशी हाय."

निथळण्याची पायरी तिला सगळ्यात अवघड गेली. धुतलेलं भांडं पदरानं पुसल्याशिवाय तिच्या हातातून सुटायचंच नाही. टाकीतून माप निघालं की पदर आपोआप पुढे यायचा. मी सांगितलं, पदराची घाण पुन्हा मापाला लागते, सगळी मेहनत वाया. वरून पाण्यानं विसळायचंही नाही. शेवटी तिनं पदर कमरेला इतका करकचून खोचला की तो निघेचना.

चौथ्या पायरीत आकडे होते. टाकी शंभर लिटरची. त्यात ब्लीचिंग पावडर ऐंशी ग्रॅम. डब्यावरच्या चिठ्ठीनुसार पावडरीत क्लोरीन शेकडा पंचवीस भाग, म्हणून ऐंशीतून खरं औषध वीसच ग्रॅम. वीस ग्रॅम शंभर लिटरला, म्हणजे दहा लाख भागांत दोनशे. हा हिशेब मी पाटीवर तीनदा केला तेव्हा मला पटला. अक्काला मी हिशेब सांगितला नाही, फक्त "दहा लाखात दोनशे" एवढं पाठ करून घेतलं. पावडर थोड्या पाण्यात कालवून, गाळ खाली बसला की वरचं नितळ पाणी टाकीत घालायचं, आणि डब्याचं झाकण लगेच घट्ट लावायचं, नाहीतर दम उडून जातो, हे तिला हातानं करून आधीच ठाऊक होतं.

मग एक शब्द आला. संपर्ककाल. तो मलाच धड उच्चारता येईना.

"काय म्हंते हे?" अक्का म्हणाली.

मी विचार करून म्हटलं, "भेट. औषधाची आणि मापाची भेट. माप पूर्ण पाण्याखाली पाहिजे आणि भेट दोन मिनिटं तरी झाली पाहिजे. लवकर उठवलं तर जंतू मरत नाहीत."

"आसं बोल की! भेट. पण दोन मिण्टं मला कशी कळनार? घड्याळ हाय ते हापिसात. मला घड्याळ कुटं वाचता येतं?"

आकडे मोजायला सांगितले तर ती चाळिसाच्या पुढे तेलुगूत जायची, मग मराठीत परत येताना वाट चुकायची. शेवटी तीच म्हणाली, "अम्मा, विडी माजा हात मोजतो. डोकं न्हाय."

त्या संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. शेजारच्या मास्तरांकडून गजराचं घड्याळ मागून आणलं. अक्काच्या लेकीनं सूप पुढे सरकवलं. अक्कानं पान कापलं, तंबाखू भरली, वळली, तोंड दुमडलं, दोरा बांधला. एक, दोन, तीन, चार. दोन मिनिटं झाली आणि वर काही सेकंद. परत केलं, परत तेवढंच. दोघींना इतका आनंद झाला की लेकीनं चहा टाकला.

"चार विड्यांची भेट," अक्का म्हणाली. "आता येऊ दे तुजा सायेब."

साहेब आले ते शांत होते. उंच, चष्मा लावलेले, मनगटावर मोठं घड्याळ. टाकीशेजारी उभे राहून एकेकीला बोलावत होते. माझी पाळी आधी आली. मला सगळं येत होतं, पण मी इतकं हळू बोलले की त्यांना तीनदा वाकून ऐकावं लागलं. शेवटी ते म्हणाले, "बाई, उत्तरं बरोबर आहेत. जरा ऐकू येऊ द्या." मी मान खाली घातली आणि भिंतीला जाऊन चिकटले.

मग अक्का.

"जंतुनाशकाची तीव्रता किती?"

"दहा लाखात दोनशे."

"पावडर दुप्पट घातली तर दुप्पट चांगलं?"

"न्हाय सायेब. मापाला खातंय ते. दुदाला वास मारतंय."

"संपर्ककाल?"

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. तो शब्द मीच तिला टाळायला शिकवला होता.

मग ती म्हणाली, "भेट व्हय? औषदाची न् मापाची? दोन मिण्टं. पुरी भेट, पान्याखाली."

साहेबांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "भेट," ते म्हणाले, आणि त्यांच्या तोंडावर थोडं हसू आलं. "ठीक. आता करून दाखवा."

तिनं माप विसळलं, सोड्यात घासलं, पुन्हा धुतलं. सगळं नीट. तारेच्या आकड्यानं माप टाकीत सोडलं, पूर्ण बुडालं ना ते वाकून पाहिलं. मग सरळ उभी राहून तिनं दोन्ही हात छातीपुढे आणले आणि बोटं चालू केली. कात्री नाही, पान नाही, तंबाखू नाही. नुसती बोटं. मुकादम मागे फिस्सकन हसला. "अक्का, कुनाला बांगड्या भरती?"

मी तिची बोटं पाहत होते, आणि मला एकदम कळलं. कापायला पान नव्हतं, बांधायला दोरा नव्हता, म्हणून बोटं कुठे अडतच नव्हती. ती भराभर पुढे चालली होती. दुसरी झाली. तिसरी. मला ओरडावंसं वाटत होतं आणि तोंड उघडत नव्हतं. चौथी झाली, तिनं आकडा घातला आणि माप वर काढलं.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "एक मिनिट दहा सेकंद." त्यांनी वहीत लिहायला पेन टेकवलं.

अक्काला काही कळलं नाही. ती माझ्याकडे पाहत होती, पास झाल्यासारखी.

"साहेब," मी म्हणाले. आवाज केवढा निघाला ते मला ठाऊक नाही, पण सगळ्यांनी वळून पाहिलं. "साहेब, हात रिकामे आहेत तिचे."

"म्हणजे?"

मी सांगितलं. घड्याळ, चार विड्या, तिच्या लेकीचं सूप, सगळं. मध्ये दोनदा अडखळले. चूक माझी आहे, मी तिला रिकाम्या हातानं मोजून पाहिलं नाही, हेही सांगितलं.

मुकादम म्हणाला, "साहेब, नाटकं हायेत ही."

साहेबांनी पेन खिशाला लावलं. "इथं तंबाखू आत येणार नाही," ते म्हणाले. "चला बाहेर."

गेटासमोरच्या घरांत ओट्याओट्यावर बायका विड्या वळत बसलेल्या असायच्या. एकीचं सूप अक्कानं मागून घेतलं आणि तिथेच मांडी घातली. साहेब उन्हात घड्याळ धरून उभे. सगळं केंद्र गेटाशी जमलं. अक्कानं पान कापलं. एक, दोन, तीन, चार.

"दोन मिनिटं चार सेकंद," साहेब म्हणाले.

अक्का उठायला लागली तर म्हणाले, "थांबा. हे बरोबर. पण टाकीपाशी तुमचे हात रिकामेच असणार ना? दूध पिणाऱ्याला तुमच्या पानाचं काय? आता रिकाम्या हातानं वळा. मी सांगेपर्यंत."

ती वळत गेली. चार झाल्या, पाच झाल्या. सातवी संपली तेव्हा साहेबांनी हात वर केला.

"सात," अक्का म्हणाली. मग माझ्याकडे पाहून, "सात हाय की गं, अम्मा. आपन चारच धरल्या."

साहेबांनी तिला साबणानं कोपरापर्यंत हात धुवायला लावले, मग पुन्हा टाकीपाशी उभं केलं. दुसरं माप, सगळ्या पायऱ्या पहिल्यापासून. हवेतल्या सात विड्या. या वेळी मुकादम हसला नाही. माप बाहेर आलं, मांडणीवर उपडं गेलं. तिचा हात कमरेच्या पदराकडे गेला, तिथेच थांबला आणि परत आला.

"दोन मिनिटं तीन सेकंद," साहेब म्हणाले, आणि वहीत लिहिलं. मग मुकादमाला म्हणाले, टाकीसमोर सेकंदकाट्याचं घड्याळ लावा, आणि पायऱ्यांची पाटी. "आणि पाटी या बाईंकडून लिहून घ्या."

पुढच्या महिन्यात सहापैकी पाच जणी कायम झाल्या. अक्का त्यात होती. सहावीनं साहेबांना बरोबर सांगितलं होतं, पण मापं शेवटी फडक्यानं पुसली होती. तिच्याबद्दल मला अजून वाईट वाटतं, तिला शिकवायला मी तोंड उघडलं नव्हतं.

पाटीवर मी खडूनं चौथ्या पायरीपुढे लिहिलं होतं, भेट दोन मिनिटं. वर्षभरानं पेंटर आला, त्यानं ऑफिसच्या कागदावरून पाटी नव्यानं रंगवली. अक्कानं खालून वर पाहिलं.

"तितं काय लिवलंय आता?"

तिथे संपर्ककाल लिहिलं होतं.

"भेट," मी सांगितलं.

ती मान हलवून टाकीकडे वळली. घड्याळ समोर टिकटिकत होतं. तिनं माप सोडलं आणि बोटं चालू केली.