जपानची पगारस्लिप आणि सावळा क्लार्क

सावळा भोये याला जव्हारात नावाने कोणी ओळखत नाही. क्लार्क म्हटलं की मात्र डेपोजवळचा चहावाला थेट बोट दाखवतो : तो बघा, झेरॉक्सच्या दुकानात, पंख्याखाली बसलाय तो. मोखाड्याकडच्या एका आश्रमशाळेत त्याने उभा जन्म पगारबिलं केली. शाळेत वीज नव्हती तेव्हा कंदिलाखाली केली आणि पुढे कॉम्प्युटर आला तेव्हा आधी वहीत करून मग कॉम्प्युटरमध्ये भरली, कारण वहीवर त्याचा भरवसा जास्त. मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, आणि उजवीकडे कपाती : भविष्य निर्वाह निधी, व्यवसाय कर, गटविमा, पतपेढीचा हप्ता. एवढ्या रकान्यांत माणसाचा महिना बसतो, अशी त्याची समजूत होती. शाळेतला लाडक्या आचारी दर महिन्याला येऊन विचारायचा, माझं एवढं कापलं ते गेलं कुठं? सावळा त्याला रकान्यावर बोट ठेवून समजावायचा, लाडक्या मान डोलावायचा आणि पुढच्या महिन्याला तेच विचारायला पुन्हा हजर. सावळाला त्याचा कधी राग आला नाही. विचारणारा माणूस आहे म्हणजे रकाना जिवंत आहे, असं तो म्हणे.

निवृत्तीनंतर तो पुतण्याच्या, नितीनच्या, झेरॉक्सच्या दुकानात बसू लागला. प्रकल्प कार्यालयाचे अर्ज, दाखले, बँकेची कागदं, लोक त्याच्याकडून भरून घेत. पैसे फारसे मिळत नसत. नागली, वाल, कधी मोहाची फुलं मात्र घरी येत.

भात पोटरीला आलं होतं त्या दिवसांत खोडाळ्याकडच्या पाड्यावरून धोंडीबाई आली. बरोबर धाकटी लेक टीना. धोंडीबाईचा नवरा मागेच गेलेला. तिने वीटभट्टीवर आणि लोकांच्या लावणीवर राबून दोन मुली शिकवल्या. थोरली वर्षा ठाण्याला रुग्णसेवेचं शिकली, तिथेच जपानी भाषेची परीक्षा पास झाली आणि गेल्या दिवाळीनंतर जपानला गेली, म्हाताऱ्या माणसांच्या एका निवासात त्यांची सेवा करायला. आता टीनाला नाशिककडे नर्सिंगला जागा मिळाली होती, पण संस्थेच्या कोट्यातून, म्हणून सरकारी फी-माफी नाही. महिनाअखेरपर्यंत फी भरली नाही तर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार. धोंडीबाईचं रोजंदारीचं उत्पन्न बँक धरेना. म्हणून शैक्षणिक कर्जात वर्षा सहकर्जदार होणार होती, आणि बँकेच्या साहेबांनी तिची पगारस्लिप मागितली होती, मराठीत किंवा इंग्रजीत समजावून लिहिलेली.

वर्षाने स्लिप जमिनीवर ठेवून मोबाइलने फोटो काढून पाठवला होता. घडी पडलेली, एका कोपऱ्यावर तिच्याच हाताची सावली. सगळी अक्षरं जपानी. टीनाने फोनमधल्या भाषांतराच्या सोयीत तो फोटो घातला तेव्हा मराठी उमटलं खरं, पण कसं? एका ओळीत आलं, ‘उपचार सुधारणा भत्ता’. धोंडीबाईने ते ऐकलं आणि तिचा चेहरा पडला.

“पोर आजारी हाय का काय? आमाला सांगत नाय ती.”

नाही, आई, ती बरी आहे, फोन असंच काहीबाही सांगतो, असं टीनाने समजावलं. सावळा हसला, चष्मा पुसला आणि म्हणाला, फोनला काय कळतंय पगारबिलातलं.

मग फोनने काढलेले शब्द आणि आकडे घेऊन त्याने आपली पद्धत वापरली. आश्रमशाळेचा जुना छापील नमुना त्याच्याकडे होता, त्यात त्याने जपानचा पगार भरला. मूळ पगार मूळ वेतनात. तो उपचाराचा की सुधारणेचा भत्ता महागाई भत्त्यात, कारण आपल्याकडे मूळ वेतनाखाली महागाईच असते. येण्याजाण्याचा आणि रात्रपाळीचा भत्ता प्रवास भत्त्यात. निवृत्तीवेतनाची कपात भविष्य निर्वाह निधीत, बाकीचे विमे गटविम्यात, कर व्यवसाय करात. उरली खोलीची कपात आणि वीज-पाण्याची. नमुन्यात शेवटचा एकच रकाना मोकळा होता, ‘पतपेढी व इतर हप्ते’. तिथे त्याने त्या दोन्ही बसवल्या. बेरीज जुळली. बेरीज जुळली की सावळाला झोप चांगली लागायची.

दोन दिवसांनी धोंडीबाई आणि टीना परत आल्या, त्या बाकावर न बसता उभ्याच राहिल्या. बँकेच्या साहेबांनी, अर्जुन गावितांनी, फाइल बाजूला ठेवली होती. साहेब चांगले होते, आवाज चढवला नाही. पण त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. वर्षाच्या निर्वाह निधीचा खातेक्रमांक काय? जपानच्या खाजगी निवासात महागाई भत्ता कुठला? आणि हप्त्यांच्या रकान्यात एवढी मोठी रक्कम कापली जाते, म्हणजे तिच्यावर आधीचं कर्ज आहे. मग अर्जात ‘इतर कर्ज नाही’ असं का लिहिलं? साहेब म्हणाले होते, माहिती चुकीची असेल तर मी ही फाइल पुढे पाठवू शकत नाही.

“माजी लेक खोटारडी ठरली, क्लार्कबाबा,” धोंडीबाई म्हणाली. एवढंच.

 सावळाने नमुना उलटा केला, कोऱ्या बाजूने. दुकानात एका पोराला आधारकार्डाची झेरॉक्स हवी होती, ती नितीनने काढून दिली. मग सावळाने टीनाला सांगितलं, वर्षाला फोन लाव, आणि यावेळी फोटोतल्या एकेका ओळीवर ती बोलेल, मी फक्त लिहीन. रकाने नकोत.

जपानात तेव्हा संध्याकाळ झालेली. वर्षा कामावरून आली होती, ओल्या केसांना पंचा गुंडाळलेला. ती सांगत गेली. ज्याला फोन उपचार म्हणतो तो भत्ता सेवा करणाऱ्यांचा पगार वाढावा म्हणून आहे. त्यासाठी सरकार निवासाला वेगळे पैसे देतं आणि निवास तो दर महिन्याला देतं. येण्याजाण्याचे पैसे म्हणजे बसच्या पासाचा खर्च परत, ती कमाई नव्हे आणि त्यावर करही नाही. रात्रपाळीचा भत्ता वेगळा, जितक्या रात्री तितका. उजवीकडे पहिला आरोग्य विमा : दवाखान्यात गेलं तर दहातले साधारण तीन हिस्से तिने भरायचे, सात विमा भरतो. मग निवृत्तीवेतनाचा विमा : जितकं तिचं कापतात तितकंच मालक भरतो.

“ते आपल्या पीएफसारखं मधे काढता येतं का गं?” सावळाने विचारलं.

“नाही हो, काका. हा देश सोडून कायमची गेले तर अर्ज करून थोडं परत मिळतं, तेही ठराविक वर्षांपुरतंच. त्यावर कर्जबिर्ज काही नाही.”

मग बेरोजगारी विमा, अगदी थोडा. मिळकत कर दर महिन्याला अंदाजाने, वर्षअखेर हिशेब होऊन कमीजास्त. आणि खोली : निवासाचंच घर आहे, भाडं आणि वीज-पाणी पगारातूनच कापतात, तशी सही तिने जाताना केली होती. हप्ता नाही, कर्ज नाही.

सावळा लिहीत होता. थांबून म्हणाला, एक रिकामी ओळ दिसते गं इथे, शून्य. ती कसली?

वर्षा जरा घुटमळली. तो रहिवासी कर, म्हणाली, तिथल्या नगरपालिकेचा. तो मागच्या वर्षाच्या कमाईवर बसतो. मागच्या वर्षी ती नुकतीच गेली होती, कमाई नावापुरती, म्हणून यंदा शून्य. पुढल्या जूनपासून दर महिन्याला कापतील. टीना पटकन म्हणाली, मग ते लिहायलाच नको ना, काका? आज स्लिपवर शून्यच आहे. हातात येणारा पगार जास्त दिसेल.

सावळाने तिच्याकडे पाहिलं. पोरीचं चुकत नव्हतं. स्लिपवर खरंच शून्य होतं. त्याला लाडक्या आचारी आठवला असावा. कापलं ते गेलं कुठं, हे विचारायला पुढच्या जूनला वर्षासमोर कोणी क्लार्क नसणार, बँकेचा हप्ता मात्र असणार. त्याने रिकाम्या ओळीसमोर लिहिलं : ‘सध्या शून्य. पुढील जूनपासून कपात सुरू होईल, तेवढा हातातला पगार कमी होईल.’ टीनाने मान खाली घातली, पण कागद हिसकावला नाही.

दुसऱ्या दिवशी सावळा स्वतः त्यांच्याबरोबर बँकेत गेला. फोटोची मोठी झेरॉक्स, तिच्यावर ओळींना क्रमांक, आणि शेजारच्या कागदावर त्या त्या क्रमांकाला साध्या मराठीत खुलासा. वर लिहिलं होतं, ‘हे शब्द आपल्या पगारबिलातल्या शब्दांशी जुळवू नयेत.’ गावित साहेबांनी ते वाक्य दोनदा वाचलं.

“आधीचा कागद कोणी केला होता?”

“मीच, साहेब. शाळेच्या नमुन्यात भरला. चुकलं. पोरीचं काही चुकलं नव्हतं.”

साहेबांनी मान हलवली. अधिकृत भाषांतरकाराचा शिक्का आणि निवासाचं पगाराचं पत्र मुख्य कार्यालयाला लागेलच, ते मागवा, म्हणाले. पण आता मला कळलं. त्यांनी कॅल्क्युलेटरवर आकडे मारले. मूळ पगार आणि तो सुधारणेचा भत्ता पूर्ण धरला. बसचे पैसे सोडले. विमे, कर, खोली वजा, आणि जूनपासूनचा रहिवासी करही अंदाजाने आत्ताच वजा केला. रात्रपाळीचा भत्ता दर महिन्याला बदलतो, म्हणून निम्मा धरतो, म्हणाले. तेवढा धरला की फी आणि वसतिगृह, दोन्ही बसतं.

धोंडीबाई कागदावर वाकली. तिने विचारलं, रात्रीची ओळ कुठली? सावळाने बोट ठेवून दाखवली. किती रात्री, विचारलं. या महिन्यात सहा, सावळा म्हणाला.

सहा रात्री आपली लेक परक्या म्हाताऱ्यांच्या उशाशी जागी बसते, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. वर्षाने सांगितलं होतं. पण त्या रात्रींचे पैसे वेगळे मोजतात, आणि आता त्यांच्यावर इथला हप्ता टांगणार, हे तिला आत्ता कळलं.

“साहेब, हे रात्रीचे पैसे धरू नका. निम्मेपण नको.”

साहेब म्हणाले, मावशी, मग वसतिगृहाचं बसणार नाही, फक्त फीच बसेल.

“बसू दे. उद्या तिला रात्रीचं जमलं नाय, अंग दुखलं, तरी तिनं निवांत झोपावं. हप्त्यासाठी जागायला नको.”

टीनाने आईकडे पाहिलं. मग म्हणाली, सरकारी वसतिगृहाचा अर्ज अजून उघडा आहे, मी भरते. नंबर नाही लागला तर कोणाच्या तरी खोलीत राहीन. साहेबांनी आधीचे आकडे पुसून पुन्हा मारले. फी बसली, जेमतेम. त्यांनी फाइलवर सही केली आणि पुढे पाठवायच्या गठ्ठ्यात ठेवली.

बाहेर ऊन होतं. मोखाड्याची एसटी लागली होती, पण धोंडीबाई चढेना. तिने टीनाला फोन लावायला सांगितला. वर्षाने उचलला नाही. तिकडे ती कामावर असणार. तेव्हा धोंडीबाईने टीनाच्या हातून आवाज नोंदवून पाठवला, नेहमीसारखा ओरडून, जपान जणू घाटापलीकडे आहे. काम झालं, म्हणाली. आणि तुझ्या रात्री मी सोडवून घेतल्यात.

सावळा दुकानात परतला. खणातले आश्रमशाळेचे छापील नमुने त्याने काढले आणि नितीनला दिले, मागची बाजू कोरी आहे, कच्च्या कामाला घे. मग पंख्याखाली बसला. दाराशी एक माणूस मोबाइल पुढे करून उभा होता : काका, मुलगा मस्कतला आहे, त्याची पगारस्लिप आलीय. सावळाने चष्मा लावला आणि म्हणाला, आधी मुलाला फोन लाव.