गुलाबची पांढरी बट

अड्याळच्या बाजारात गुलाब मेश्राम भेटला की तो आधी तुमच्या डोक्याकडे बघतो. तोंडाकडे नंतर. "कोणत्या बाजूनं पिकले पहिले?" हा त्याचा नमस्कार. पहिल्यांदा मला भलता राग आला होता. आता कळतं, माणसाला खोड आहे, मनात खोट नाही.

पूर्वी तो पाट्या रंगवायचा, आता कॉम्प्युटरवर नाटकांची पोस्टरं करतो. दिवाळीनंतर आमच्याकडे नाटकांचा मोसम असतो. यंदा भैय्याजींच्या नाटक कंपनीत साधनाताईंना आईची भूमिका मिळाली. वीस वर्षं नायिका केलेली बाई! पोस्टरवर पांढरे केस आले की पुन्हा कोणी नायिका म्हणून बोलावणार नाही, ही धास्ती घेऊन त्या स्वतः गुलाबच्या दुकानात येऊन बसल्या. मीही तिथेच होतो.

गुलाबनं रंगमंचाच्या सवयीनं पोस्टरमधल्या त्यांच्या चित्रात दोन्ही कानशिलांवर पांढरे पट्टे ओढले होते. आमच्याकडे नाटकात आई अशीच दाखवतात, केसांना पावडर थापून.

"हे काय, पीठ सांडलं का माझ्या डोक्यावर?" साधनाताई कडाडल्या. "काढा सारं."

"भैय्याजी म्हणते, रस्त्यावरून आई दिसली पाहिजे," गुलाब म्हणाला. मग नेहमीचंच विचारलं, "ताई, तुमचे कुठून पिकले?"

मी जीभ चावली. ताईंनी अंबाडा सोडला. दोन महिने डाय लावला नव्हता. भांगाच्या डाव्या बाजूला मुळाशी करडी रेघ होती.

"नवरा गेला त्या साली, इथूनच," त्या म्हणाल्या. "कोणी विचारलंच नाही आजवर."

गुलाब खुर्ची ओढून जवळ बसला आणि भांग निरखू लागला. नंतर त्यानं पांढरे पट्टे पुसले. चित्राला हात न लावता वर वेगळा थर घेतला, म्हणजे बिघडलं तर तेवढंच पुसता येतं. बारीक ब्रशनं, केस वळतात त्याच दिशेनं, मुळापासून करडे केस काढत गेला. पांढरा शुभ्र रंग फक्त उजेड पडतो तिथल्या पाचसहा केसांना दिला.

"सुटे केस लांबून दिसत नाही," तो पुटपुटला आणि ते एकत्र करून एकच बट केली. चित्र अगदी लहान करून पाहिलं. बट दिसत होती. चेहरा साधनाताईंचाच राहिला होता.

त्यांनी अंबाडा पुन्हा बांधला, पण बट काढायला सांगितली नाही. मला त्यांची भारी कणव आली.

मोसम सुरू झाल्यावर एका सकाळी गुलाबचा फोन वाजला. मी शेजारीच होतो, त्यानं स्पीकर लावला.

"गुलाबभाऊ, तुमचं पोस्टर पाहून तीन कंपन्यांनी बोलावलं मले. तिघायलेही आईच पाहिजे."

गुलाबचा चेहरा उतरला. "ताई, रागावल्या का?"

"रागावली ना! दोन दिवस जेवली नाही," साधनाताई म्हणाल्या. "पण तिघायलेही तारखा देल्या."